अनामत रकमेचं लांबलचक वाक्य

घर भाड्याने देताना किंवा घेताना महाराष्ट्रातल्या शहरांत बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसेन्स'चा करार होतो. मसुदा एजंटकडे तयारच असतो. त्यात नावं, पत्ता आणि रक्कम भरली की अंगठे आणि सह्या होतात. पुढचे अकरा महिने त्याकडे कोणी पाहत नाही. घर सोडायची वेळ आली की मात्र तो कागद बाहेर निघतो आणि अनामत रक्कम परत कधी आणि किती मिळणार, हे शोधायला दोघंही बसतात. तेव्हा समोर येतं ते साधारण असं वाक्य. हे मी या लेखासाठी रचलं आहे, पण अशा मसुद्यांची ओळख असलेल्यांना ते परकं वाटणार नाही.

"लायसेन्सी यांनी सदर कराराची मुदत संपल्यानंतर अथवा तत्पूर्वी कलम ९ अन्वये करार संपुष्टात आल्यानंतर सदर मिळकतीचा रिकामा व शांततापूर्ण ताबा लायसेन्सर यांना दिल्यावर लायसेन्सर हे अनामत रक्कम रुपये १,००,०००/- मधून थकीत लायसेन्स फी, वीज बिल व नैसर्गिक झीज वगळून मिळकतीस झालेले नुकसान यांची रक्कम वजा करून उर्वरित रक्कम ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांचे आत बिनव्याजी परत करतील, परंतु लायसेन्सी यांनी मुदतीपूर्वी व एक महिन्याची लेखी नोटीस न देता मिळकत सोडल्यास एक महिन्याची लायसेन्स फी सदर रकमेतून वजा करण्यात येईल व अशा प्रसंगी सदर मुदत ६० दिवसांची राहील."

हे वाक्य वाईट आहे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कामाची आहे. ताबा आधी आणि पैसे नंतर, हा क्रम त्यात आहे. कशाकशाची वजावट होईल ते आहे. मध्येच घर सोडणाऱ्यासाठी वेगळा नियम आहे. अडचण एवढीच की हे सगळं एकाच श्वासात सांगितलं आहे आणि वाचणाऱ्याला शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात आठवत नाही. मग साहजिकच कोणीतरी म्हणतं, "याचे चार-पाच तुकडे करून टाकू." तुकडे करणं सोपं असतं. करारात काही बिघडलं तर ते याच वेळी बिघडतं.

लांब वाक्यातले भाग एकमेकांना 'दिल्यावर', 'आल्यास', 'परंतु', 'अशा प्रसंगी' अशा शब्दांनी धरून असतात. पूर्णविराम दिला की हे धागे तुटतात. साध्या गद्यात वाचक ते मनातल्या मनात पुन्हा जोडून घेतो. पण करार वाचणारा माणूस बहुधा भांडणाच्या तयारीत असतो आणि तुटलेला धागा तो आपल्या सोयीने जोडतो. म्हणून वाक्य तोडण्याआधी कोणता भाग कशावर अवलंबून आहे, ते मांडून घ्यावं लागतं.

यासाठी एक जुनी आणि फार उपयोगी पद्धत आहे. जॉर्ज कूड या इंग्रज बॅरिस्टरने १८४३ मध्ये कायद्याच्या भाषेवर लिहिताना सांगितलं होतं की कायद्याच्या वाक्याचे चार घटक वेगळे ओळखता येतात: कोणता प्रसंग, कोणती अट, कोणी करायचं आणि काय करायचं. कूड कायद्यांविषयी बोलत होता, पण करारालाही हे तंतोतंत लागू पडतं. आपल्या वाक्यात प्रसंग आहे करार संपण्याचा, अट आहे ताबा देण्याची, करणारा आहे लायसेन्सर आणि कृती आहे उरलेली रक्कम परत करण्याची. 'परंतु'नंतर दुसरा संच सुरू होतो. प्रसंग मुदतीआधी घर सोडण्याचा, अट नोटीस न दिल्याची, कृती एक महिन्याची फी वजा करण्याची. करणारा? 'वजा करण्यात येईल' या कर्मणी रचनेत तो हरवला आहे. या वाक्यात तो कोण हे उघड आहे, म्हणून निभावतं. दुरुस्तीची जबाबदारी ठरवणाऱ्या कलमात 'दुरुस्ती करण्यात येईल' असं असतं तर निभावलं नसतं.

आता एक घाईचं रूपांतर पाहू. वाचायला ते छान आहे आणि म्हणूनच फसवं आहे.

"लायसेन्सी घराचा ताबा देईल. लायसेन्सर ३० दिवसांत अनामत रक्कम परत करील. त्यातून थकबाकी व नुकसानभरपाई वजा होईल. घर सोडताना एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी. नोटीस न दिल्यास एक महिन्याची फी वजा होईल व रक्कम ६० दिवसांत मिळेल. रकमेवर व्याज मिळणार नाही."

कोणत्याही संपादकाला यातली वाक्यं आवडतील. पण चौथं आणि पाचवं वाक्य बघा. मूळ वाक्यात नोटिशीचा प्रश्न फक्त मुदतीआधी जाणाऱ्याला होता. मुदत पूर्ण करून जाणाऱ्याने नोटीस द्यायची कुठेच नव्हती, कारण जाण्याची तारीख करारातच लिहिलेली असते. नव्या रूपात 'मुदतीपूर्वी व' हे दोन शब्द गळाले आणि प्रत्येकाने नोटीस द्यायची अशी नवीच जबाबदारी जन्माला आली. अकरा महिने नीट राहून, ठरलेल्या दिवशी किल्ली देणाऱ्या माणसाची एक महिन्याची फी आता कापता येते. लांब वाक्यात 'मुदतीपूर्वी' आणि 'नोटीस न देता' एकाच क्रियापदाला बांधलेले होते आणि दोन्ही खरं असेल तरच वजावट होती. तोडताना दुसरी अट पुढे आली, पहिली मागे राहिली. वाक्य तोडण्यात होणाऱ्या चुकांमध्ये मला ही सर्वांत घातक वाटते, कारण तिथे काही कमी आहे असं दिसतच नाही. जे लिहिलं आहे ते समंजस वाटतं.

उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. मोठ्या वाक्यात एक अट जितक्या कृतींवर पसरलेली असेल, तितक्या छोट्या वाक्यांत ती पुन्हा लिहायची, किंवा त्या वाक्यांना क्रमांक देऊन 'हे फक्त अमुक क्रमांकाच्या प्रसंगी लागू' असं स्पष्ट म्हणायचं. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा आला की बाई लाल रेघ मारायच्या. इथे पुनरुक्ती ही नोकरी आहे. 'अनामत रक्कम' एकदा म्हटलं की शेवटपर्यंत अनामत रक्कमच. मध्येच 'डिपॉझिट' किंवा 'ठेव' आली तर ती वेगळी रक्कम आहे का, असा प्रश्न विचारायला वाव मिळतो.

दुसरी गळती पहिल्या दोन वाक्यांत आहे. मुळात ताबा 'दिल्यावर' रक्कम परत होणार होती. आता ताबा देणं आणि रक्कम परत करणं या शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन जबाबदाऱ्या झाल्या आणि कोणती आधी, हे कुठेच नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये एकमेकांना दिलेल्या वचनांविषयी काही कलमं आहेत. कलम ५२ म्हणतं की वचनं पाळण्याचा क्रम करारात स्पष्ट असेल तर त्याच क्रमाने पाळायची, नसेल तर व्यवहाराच्या स्वरूपाला जो क्रम आवश्यक आहे त्या क्रमाने. म्हणजे क्रम गाळला की तो ठरवण्याचं काम व्यवहाराच्या 'स्वरूपा'वर जातं आणि त्या स्वरूपाविषयी दोन वकिलांची दोन मतं असतात. 'आधी पैसे टाका, मग किल्ली देतो' असं म्हणणाऱ्याला आपणच जागा करून दिलेली असते. शिवाय ३० दिवस कधीपासून मोजायचे, हेही गेलं. 'ताबा मिळाल्यापासून' हे शब्द लहान होते, पण घड्याळ त्यांच्यावर चालत होतं.

व्याजाचं शेवटचं वाक्य तर फारच निरागस दिसतं. मुळात '३० दिवसांचे आत बिनव्याजी परत करतील' असं आहे. 'बिनव्याजी' हा शब्द वेळेत परत करण्याला चिकटलेला आहे. मालकाने सहा महिने रक्कम दाबून ठेवली तर काय, याबद्दल मूळ वाक्य गप्प आहे आणि तेव्हा व्याज मागायला लायसेन्सीला निदान तोंड उघडता येतं. 'रकमेवर व्याज मिळणार नाही' असं सुटं वाक्य केलं की ते उशिराच्या काळालाही झाकतं आणि लायसेन्सीचं तोंड बंद होतं. एका क्रियाविशेषणाला स्वतःचं वाक्य दिल्याने त्याचा अंमल एवढा वाढला.

आतापर्यंतच्या तिन्ही चुका तोडणाऱ्याच्या होत्या. पण कधीकधी मूळ वाक्याचेच दोन अर्थ होत असतात आणि तोडायला घेतल्याशिवाय ते कळत नाही. याचं जगभर गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. रॉजर्स या केबल कंपनीने अलायंट या दूरध्वनी कंपनीच्या ताब्यातल्या खांबांवरून आपल्या तारा नेण्याचा करार केला होता. त्यातलं एक वाक्य सांगत होतं की करार झाल्या तारखेपासून पाच वर्षं तो चालू राहील, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी, जोवर कोणी एक पक्ष एक वर्षाची लेखी नोटीस देऊन तो संपवत नाही तोवर. 'त्यानंतरच्या मुदती' आणि 'जोवर' यांच्यामध्ये एक स्वल्पविराम होता. अलायंटला पहिल्या पाच वर्षांतच करार संपवायचा होता. तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने २००६ मध्ये त्या स्वल्पविरामाकडे बोट दाखवून म्हटलं की नोटिशीची सोय आधीच्या दोन्ही भागांना, म्हणजे पहिल्या पाच वर्षांनाही, लागू आहे. रॉजर्सने दाद मागितली. तिथे या प्रकारच्या कराराचा नमुना इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत मंजूर झालेला होता आणि फ्रेंच नमुन्यात असा दुहेरी अर्थ निघत नव्हता. त्या आधारावर २००७ मध्ये आयोगाने आपलाच निर्णय फिरवला. 'दहा लाख डॉलरचा स्वल्पविराम' म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं.

लोक यातून विरामचिन्हांचा धडा घेतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ते वाक्य तोडायला बसलं की दोन वेगवेगळी, दोन्ही स्वच्छ रूपं तयार होतात. एक असं: "करार पाच वर्षं चालेल. त्यानंतर त्याला दर वेळी पाच वर्षांची मुदतवाढ मिळत राहील. कोणताही पक्ष एक वर्षाची लेखी नोटीस देऊन करार केव्हाही संपवू शकेल." दुसऱ्यात शेवटचं वाक्य बदलतं: "कोणत्याही पक्षाला एक वर्षाची लेखी नोटीस देऊन मुदतवाढीच्या काळात करार संपवता येईल, पहिल्या पाच वर्षांत तो संपवता येणार नाही." यातलं कोणतं खरं, हे भाषा जाणणारा माणूस ठरवू शकत नाही. ज्यांनी करार केला त्यांनाच विचारावं लागतं. लांब वाक्यात हा प्रश्न न सोडवता सह्या करता आल्या. छोट्या वाक्यांत करता आल्या नसत्या.

आपल्या वाक्यातही अशी एक जागा आहे: "थकीत लायसेन्स फी, वीज बिल व … नुकसान". 'थकीत' हे विशेषण फक्त फीचं आहे की विजेच्या बिलाचंही? हा व्याकरणाचा खेळ नाही. घर सोडताना शेवटच्या महिन्याचं बिल बहुधा आलेलंच नसतं. मग ते थकलेलंही नसतं. 'थकीत वीज बिल' असा अर्थ घेतला तर ते बिल अनामत रकमेतून कापता येत नाही, मालकाने ते लायसेन्सीकडून वेगळं मागायचं. विशेषण फीपुरतं मानलं तर अंदाजाने किंवा मीटर वाचून ते कापता येतं. रूपांतर करणाऱ्याने इथे स्वतःच्या मनाने निवड करू नये. दोन्ही अर्थ लिहून दोघांपुढे ठेवावेत आणि कोणता हवा ते विचारावं. याउलट 'सदर मुदत ६० दिवसांची राहील' हे वाक्य व्याकरणाने गोंधळाचं आहे, कारण त्याच्या सर्वांत जवळची 'मुदत' कराराची आहे. तरी अकरा महिन्यांचा करार साठ दिवसांचा होणार नाही, हे उघड आहे. तिथे ३० ऐवजी ६० हाच एक अर्थ उरतो आणि तो सरळ लिहून टाकायला हरकत नाही. कुठे विचारायचं आणि कुठे नाही, हे या कामातलं खरं कसब आहे.

समजा, दोघांनी सांगितलं की शेवटचं बिल न आलेलं असलं तरी ताब्याच्या दिवशीच्या मीटरप्रमाणे कापायचं. मग कलम असं लिहिता येईल. करारातली दोन नावं एका अक्षराने वेगळी आहेत आणि टंकताना अदलाबदल व्हायला तेवढं पुरतं. म्हणून लायसेन्सरला सुरुवातीच्या व्याख्येत, आणि मग संपूर्ण करारात, 'घरमालक' म्हटलं आहे.

८.१ या कराराची मुदत संपल्यावर, किंवा त्याआधी कलम ९ प्रमाणे करार संपल्यावर, लायसेन्सी घराचा रिकामा व शांततापूर्ण ताबा घरमालकाला देईल.

८.२ कलम ८.१ प्रमाणे ताबा मिळाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत घरमालक अनामत रक्कम, कलम ८.३ मधील रकमा वजा करून, लायसेन्सीला परत करील.

८.३ अनामत रकमेतून पुढील रकमा वजा होतील: (अ) थकीत लायसेन्स फी, (आ) ताब्याच्या तारखेपर्यंत वापरलेल्या विजेचं न भरलेलं बिल, मग ते आलेलं असो वा नसो, (इ) घराला झालेल्या नुकसानीची रक्कम. नैसर्गिक झीज हे नुकसान धरलं जाणार नाही.

८.४ लायसेन्सीने कराराच्या मुदतीआधी घर सोडलं, आणि त्यासाठी एक महिन्याची लेखी नोटीसही दिली नाही, तर कलम ८.३ मधील रकमांखेरीज एक महिन्याची लायसेन्स फी वजा होईल. अशा वेळी घरमालक उरलेली रक्कम ताबा मिळाल्याच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत परत करील आणि कलम ८.२ मधील ३० दिवसांची मुदत लागू होणार नाही.

८.५ कलम ८.२ किंवा ८.४ मधील मुदतीत परत केलेल्या रकमेवर व्याज द्यावं लागणार नाही.

एकूण शब्द कमी झालेले नाहीत, उलट वाढले आहेत, आणि कमी व्हायची गरजही नव्हती. ८.४ मधल्या दुसऱ्या वाक्याकडे लक्ष द्यावं. तिथे मी 'कलम ८.२ मधील ३० दिवसांऐवजी ६० दिवस' एवढंच लिहिलं असतं तर सुटसुटीत झालं असतं. पण ८.२ चालू होतं ते ८.१ प्रमाणे ताबा मिळाल्यावर, आणि ८.१ मध्ये मुदत संपणं किंवा कलम ९ प्रमाणे करार संपणं एवढेच दोन प्रसंग आहेत. नोटीस न देता निघून गेलेल्याचा करार कलम ९ प्रमाणे संपलेला असेलच असं नाही. मग त्याच्यासाठी ८.२ सुरूच होत नाही आणि त्याला रक्कम परत द्यायचं कलमच उरत नाही. म्हणून ८.४ ला स्वतःचं क्रियापद आणि स्वतःची तारीख दिली. क्रमांकांनी कलमं जोडताना हे वारंवार होतं: बोट दाखवलं जातं ते हव्या त्या जागेकडे, पण त्या जागेच्या अटीही सोबत येतात.

'पुढील रकमा' याआधी 'फक्त' लिहायचा मोहही आवरावा लागला. 'फक्त' लिहिलं की यादी बंद होते. मूळ वाक्यात ती बंद आहे असं कुठे म्हटलेलं नाही. लायसेन्सीच्या बाजूने विचार केला तर 'फक्त' असायला हवं, हे मला मान्य आहे. पण ती मागणी त्याने करायची. वाक्य सोपं करणाऱ्याने ती हळूच आत सरकवू नये.

कलमाचे शब्द सोपे करतानाही एक मर्यादा पाळावी लागते. 'लायसेन्स फी'च्या जागी 'भाडं' आणि 'लायसेन्सी'च्या जागी 'भाडेकरू' लिहिणं सगळ्यांना सुचतं. पण लायसेन्स म्हणजे केवळ वापराची परवानगी, आणि त्याची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. भाडेपट्ट्यात जागेत हक्क निर्माण होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ मुदत संपूनही ताबा न देणाऱ्या लायसेन्सीला फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यायला लावतं. न्यायालय केवळ शीर्षकावर जात नाही, कराराचं स्वरूप बघतं. तरीही जो शब्द कायद्यातल्या एका ठरावीक नात्याकडे बोट दाखवतो, तो अवघड वाटला तरी तसाच ठेवून शेजारी त्याचा अर्थ सांगणं बरं.

शेवटी तपासणी. मोठ्याने वाचून वाक्य कळतं का, एवढ्यावर ती होत नाही. खोटे प्रसंग कल्पून ते जुन्या आणि नव्या दोन्ही रूपांतून चालवून पाहायचे आणि उत्तर सारखं येतं का बघायचं. समजा फी महिना २५,००० रुपये आहे. लायसेन्सी सातव्या महिन्यात नोटीस न देता गेला, विजेचं ३,२०० रुपयांचं बिल भरलेलं नाही आणि फुटलेल्या बेसिनचे ४,८०० झाले. एक लाखातून ३,२००, ४,८०० आणि २५,००० गेले. ६७,००० रुपये ६० दिवसांत. जुनं वाक्य, नवं कलम आणि घाईचं रूपांतरही हेच उत्तर देतं, म्हणजे या प्रसंगाने घाईची चूक पकडली नाही. आता तोच माणूस मुदत पूर्ण करून, नोटीस न देता गेला असं धरा. जुनं आणि नवं कलम ९२,००० रुपये ३० दिवसांत देतं. घाईचं रूपांतर ६७,००० रुपये ६० दिवसांत. फरक लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून प्रसंग निवडताना भांडखोर माणसापेक्षा सरळ वागणाऱ्याचा प्रसंग आधी घ्यावा. शिक्षेची अट चुकून पसरली असेल तर ती त्याच्यावरच पडलेली दिसते.

वजावट एक लाखाहून जास्त झाली तर? यावर जुनं वाक्यही काही बोलत नाही आणि नवं कलमही नाही. नव्या रूपात ही रिकामी जागा अधिक ठळक दिसते, तरी ती भरणं हे नव्या वाटाघाटीचं काम आहे, आणि ते मसुद्यावर असतानाच करावं लागतं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. एकदा नोंदणी झाली की 'आमचं तोंडी असं ठरलं होतं' हे म्हणणं लेखी अटींच्या विरोधात सहसा टिकत नाही.